माय लग्न करतो म्हणाली, तर लेकरांनी काय करायचं

गावाकडे ही बातमी बहुतेक वेळा आईच्या तोंडून येतच नाही. मावशीचा फोन येतो, नाहीतर शेजारची काकू पुण्यात कामाला असलेल्या पोराला विचारते, "काहून रे बापा, तुह्या मायचं काय चालू आहे?" त्यामुळे आई स्वतः समोर बसून "मले आता घरात एकटं रायवत नाही, मी लगन करतो म्हन्तो" असं म्हणाली, तर एक समजून घ्या. हे वाक्य तिनं कित्येक महिने मनात घोळवलेलं असतं, आणि तुम्ही रागावणार हे धरूनच ती बोललेली असते.

हा लेख अशाच घरासाठी आहे: बाप वारलेला, आई पन्नाशीच्या आसपासची, पोरंबाळं मोठी आणि नावावर थोडी शेती. बाप लग्न करायचं म्हणत असेल तर काय बदलतं, ते शेवटाकडे सांगितलं आहे.

पहिले आठ दिवस

सज्ञान मुलांची संमती आईच्या लग्नाला कायद्यात कुठंही लागत नाही. ती विचारते ते तुम्ही तिच्या सोबत राहावं म्हणून. त्यामुळे पहिल्या दिवशी होकार किंवा नकार देण्याच्या भरीस पडू नका. "आम्ही कुठं कमी पडलो का?" हा प्रश्न तर विचारूच नका. दिसायला तो प्रेमाचा असतो, पण त्यानंतर आईच तुमची समजूत घालत बसते आणि तिचं बोलणं राहून जातं.

विचारायचं ते साधं असावं. माणूस कोण आहे, ओळख कशी झाली, लग्नानंतर राहणार कुठं, आणि आमच्याकडून तुला काय पाहिजे. या चौथ्या प्रश्नाचं उत्तर अनेकदा अगदी लहान निघतं. "नोंदणीच्या दिवशी तू ये," एवढंच.

भावाबहिणींना त्याच दिवशी आणि आईच्याच तोंडून कळू द्या. एकानं दुसऱ्याला सांगितलं की पाच मिनिटांत "तुले तं माहीत होतं, तू लपवलं" सुरू होतं आणि आई बाजूला पडते. काकांना मात्र लगेच सांगायला जाऊ नका. आपल्याकडे बाप गेल्यावर शेत बरेचदा काकाच मक्त्यानं किंवा बटईनं वाहतात. "आमच्या घराण्याची इज्जत" म्हणून जो सगळ्यात मोठ्यानं ओरडतो, तोच ते शेत वाहणारा असतो, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता अशा बैठकीत माझा पहिला प्रश्न असतो, औंदा पेरलं कोणी?

माणूस पाहणं

इथं लेकरांचा खरा उपयोग आहे. आई माणसाचा स्वभाव पाहते. कागद तुम्ही पाहायचे.

तो विधुर असेल तर पहिल्या बायकोचा मृत्यूचा दाखला पाहा. सोडचिठ्ठी झालेली असेल तर कोर्टाचा हुकूमनामा मागा. आपल्याकडे शंभराच्या स्टॅम्पवर नोटरीपुढे लिहिलेल्या फारकतीला लोक घटस्फोट समजतात. समाजात फारकतीची रूढी पूर्वापार चालत आल्याचं कोर्टात सिद्ध झालं तरच तिला काही अर्थ, आणि ते सिद्ध करणं सोपं नाही. नाहीतर पहिली बायको कायद्यानं बायकोच राहते, आणि तुमच्या आईचं लग्न मुळातच रद्दबातल ठरतं. त्याच्या मागे मग आईला ना वाटा, ना पेन्शन.

मग त्याचा ७/१२ काढा आणि 'इतर हक्क' हा रकाना वाचा. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा तिथं दिसतो. सावकाराचं देणं मात्र दिसत नाही. ते त्याच्या गावात चार ठिकाणी विचारूनच कळतं, दारूचंही तसंच. त्याच्या मुलांना लग्नाआधी एकदा भेटा. आईला उद्या त्यांच्याच अंगणात वावरायचं आहे, आणि तीही तुमच्याइतकीच घाबरलेली असतात.

शेताचा हिशोब

बहुतेक भांडणाचं मूळ इथं असतं, म्हणून जरा सावकाश जाऊ.

गावात एक पक्की समजूत आहे की बाईनं पाट लावला की पहिल्या नवऱ्याच्या शेतावरचा तिचा हक्क गेला. ही समजूत हवेतून आलेली नाही. १८५६ च्या विधवा पुनर्विवाहाच्या कायद्यानं विधवेला लग्नाची मोकळीक दिली, आणि त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात लिहिलं होतं की पुन्हा लग्न केल्यावर पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेतला तिचा हक्क ती मेली असं समजून संपेल. आजोबांच्या काळी ते खरं होतं. पण १९५६ चा हिंदू वारसा कायदा आल्यावर नवऱ्याकडून मिळालेल्या वाट्याची बाई पूर्ण मालक झाली, आणि तो जुना कायदा १९८३ मध्ये रद्दच झाला. पुनर्विवाहामुळे विधवेला वारशानं मिळालेला वाटा काढून घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये स्पष्ट केलं आहे.

आता एक घर घेऊ. यवतमाळ जिल्ह्यात आर्णी तालुक्यातलं एक गाव. वडिलांनी स्वतः विकत घेतलेलं सहा एकर कोरडवाहू शेत, कपाशी आणि तूर. वडील मृत्युपत्र न करता गेले. मागे आई, एक मुलगा आणि लग्न झालेली एक मुलगी. आजी आधीच वारलेली आहे, नाहीतर तीही बरोबरीची वारस असती. तिघांना सारखा वाटा, म्हणजे प्रत्येकी दोन एकर. लग्न झालेल्या मुलीचाही वाटा पुरा.

आईनं दिग्रसच्या एका निवृत्त शिक्षकाशी लग्न केलं. मुलाचे दोन एकर मुलाचे आणि मुलीचे दोन मुलीचे, त्यांना कोणी हात लावू शकत नाही. आईचे दोन एकरही आईचेच राहिले. ती हयात असेपर्यंत नव्या नवऱ्याचा त्यावर काडीचाही हक्क नाही. प्रश्न येतो तो ती गेल्यानंतर. मृत्युपत्र न करता ती गेली, तर तिच्या मालमत्तेचे पहिले वारस तिची मुलं, मुली आणि तेव्हाचा नवरा. दोन एकराचे ८० गुंठे, त्याचे तीन वाटे केले तर नवऱ्याच्या वाट्याला येतात सुमारे २७ गुंठे.

म्हणजे सहा एकर जाणार म्हणून जे घर पेटलेलं असतं, तिथं प्रत्यक्षात धोका २७ गुंठ्यांचा आहे, तोही आईनं मृत्युपत्र केलं नाही तरच. हा हिशोब कागदावर मांडून भावाबहिणींसमोर ठेवा. अर्धं भांडण तिथंच बसतं.

शेत वडिलोपार्जित असेल तर मुलामुलींचे हक्क जन्मापासूनचे असतात आणि वाट्यांचं गणित बदलतं. ते वकिलाकडून मांडून घ्या, अंदाजानं करू नका. शिवाय हा सगळा हिशोब हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख घरांसाठी आहे. गोंड, कोलाम, कोरकू अशा अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा सरसकट लागू होत नाही, तिथं जमातीची रूढी चालते. मुस्लीम घरांचा कायदाही निराळा.

फेरफार आणि वाटणी, लग्नाच्या आधी

आता तलाठ्याकडे जा. बाप जाऊन दहा वर्षं झाली तरी ७/१२ वर त्याचंच नाव, हे आपल्याकडे सर्रास आढळतं. वारस नोंदीचा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि वारसांबद्दलचं प्रतिज्ञापत्र दिलं की फेरफार टाकला जातो. हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. तिघांचीही नावं चढली आहेत ना, हे स्वतः डोळ्यांनी पाहा. बहिणीचं नाव "ती कुठं मागते" म्हणून गाळलेलं असेल, तर आईचं लग्न हाच ते दुरुस्त करण्याचा मोका समजा.

नाव चढल्यावर सामायिक शेत मोकळं करून घेणं चांगलं. सगळे राजी असतील तर महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटणीचा अर्ज करता येतो. मग तुमचा वाटा वेगळा निघतो आणि आईच्या लग्नाशी त्याचा संबंधच उरत नाही. यात एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे विहीर. विहीर एकाच्या तुकड्यात येते आणि मोटारीचं मीटर वडिलांच्या नावावर असतं. पाणी कोणी कोणत्या दिवशी घ्यायचं, वीजबिल कोण भरणार, धुऱ्यावरून बंडी जायला वाट कुठून, हे वाटणीपत्रात लिहून घ्या. तोंडी ठेवलं तर पहिल्याच रब्बीत भांडण ठरलेलं. आणि हे सगळं उन्हाळ्यात करा. मृग लागल्यावर कोणी तहसीलला फिरकत नाही, पीककर्जाचे कागदही तेव्हाच लागतात.

आता हक्कसोडीबद्दल. "तू लग्न कर, पण आधी शेत आमच्या नावानं सोड," ही अट बऱ्याच घरांत घातली जाते आणि आया मुकाट्यानं सही करतात. माझं मत स्पष्ट आहे, ही सही घेऊ नका. ती दोन एकर जमीन आईचं पोट आहे. तिच्यावरचा मक्ता, पीक विमा, पीककर्ज आणि पीएम किसानचे वर्षाचे ६००० रुपये, सगळं तिच्या नावाला बांधलेलं आहे. दुसरा नवरा आधी गेला किंवा नाही पटलं, तर ती परत येणार कुठं? हात रिकामे करून गेलेल्या बाईला नव्या घरात कशी वागणूक मिळते, ते मी वेगळं सांगायला नको.

मृत्युपत्र, दोन्हीकडचं

२७ गुंठ्यांची भीती घालवायला आईचं मृत्युपत्र पुरेसं आहे. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही. आईची सही किंवा अंगठा, आणि तो होताना पाहणाऱ्या दोन साक्षीदारांनी तिच्यासमोर केलेल्या सह्या. साक्षीदार गावातले, तिच्यापेक्षा लहान वयाचे आणि मालमत्तेत काहीच मिळणार नसलेले घ्या. नोंदणी सक्तीची नाही, तरी तालुक्याला दुय्यम निबंधकाकडे करून घ्या, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडून ती शुद्धीत आणि समजून उमजून सही करत असल्याचं लिहून घ्या. हिंदूंच्या बाबतीत पुढं लग्न झालं म्हणून आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होत नाही.

मर्यादाही माहीत असू द्या. मृत्युपत्र ती हवं तेव्हा बदलू शकते आणि शेवटचं केलेलं चालतं. तिनं दोन एकर लेकरांना देण्याऐवजी दिग्रसच्या गुरुजींना दिले, तरी ते तिचे आहेत. तिनं काय लिहायचं ते खोलीत बसून सांगू नका. उद्या कोर्टात "पोरायनं दबावानं लिहून घेतलं" असं निघालं तर मृत्युपत्रच संशयात येतं.

तिकडच्या घराकडे पण पाहा. गुरुजींना तीन मुलं आहेत असं धरू. ते मृत्युपत्र न करता गेले, तर तुमची आई त्यांची विधवा म्हणून त्या तिघांच्या बरोबरीची वारस, म्हणजे स्वकष्टार्जित मालमत्तेत चौथा हिस्सा. त्यांच्या मुलांना नेमकी हीच भीती असते, म्हणून गुरुजी सगळं मुलांच्या नावानं लिहून मोकळे होतात. मग त्यांच्या तेराव्यानंतर तुमच्या आईला घर सोडायला सांगतात. यासाठी गुरुजींच्या मृत्युपत्रात आईला हयातीपर्यंत त्याच घरात राहण्याचा हक्क लिहिलेला पाहिजे. हा मजकूर वकिलाकडूनच घ्या. पोटगीच्या बदल्यात बाईला दिलेला मर्यादित हक्क काही वेळा कायद्यानं पूर्ण मालकीचा होतो, आणि मग त्यांची मुलं फसवल्याचा आरोप करतात. दोन्हीकडची मृत्युपत्रं एकाच आठवड्यात आणि दोन्हीकडच्या मुलांना माहीत करून झाली, तर संशयाला जागा राहत नाही.

पेन्शनचं थोडक्यात. संजय गांधी निराधारमधून आईला विधवा म्हणून पैसे येत असतील, तर लग्नानंतर ते बंद होतात. तहसीलला स्वतःहून कळवा, नाहीतर पुढं वसुली निघते. वडील सरकारी नोकरीत होते आणि आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असेल, तर लग्नाची तारीख धरण्याआधी कोषागारात नियम लेखी विचारून घ्या. घरखर्च त्यावर असेल तर हा प्रश्न शेतापेक्षा मोठा आहे. गुरुजींच्या मागे त्यांचं कुटुंब निवृत्तिवेतन आईला मिळायचं असेल, तर लग्नानंतर लगेच पत्नी म्हणून तिचं नाव त्यांच्या पेन्शनच्या कागदांत चढवायला जिल्हा परिषदेत अर्ज द्यावा लागतो.

नोंदणी

पूर्वी पाट रात्रीचा, मांडव न घालता, चार माणसांत लागायचा. आजही पुष्कळ घरं "देवळात हार घालू आणि विषय संपवू" म्हणतात. पण उद्या वाटा किंवा पेन्शन मागायची वेळ आली की पुरावा लागतो, आणि फोटोतला हार तिथं कमी पडतो.

सगळ्यात पक्की वाट म्हणजे विशेष विवाह कायद्याखालचं नोंदणी लग्न. दोघांपैकी एक जण किमान ३० दिवस ज्या जिल्ह्यात राहतो, त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. ती कार्यालयात ३० दिवस लागते. हरकत न आल्यास नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसमोर लग्न लागतं. वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो आणि दोघांच्याही पहिल्या जोडीदाराचा मृत्यूचा दाखला बरोबर ठेवा. नोटीस पाहून काका हरकत घ्यायला जाऊ शकतात. पण ती ऐकली जाते फक्त कायद्यातल्या कारणांवर, जसं कुणाचा पहिला जोडीदार हयात असणं किंवा निषिद्ध नातं. "घराण्याला मान्य नाही" हे कारण तिथं चालत नाही.

विधी करूनच लग्न लावायचं असेल तर तेही चालतं, मग नोंदणी ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे होते. फक्त विधी खरोखर झाला पाहिजे, त्याशिवाय काढलेलं प्रमाणपत्र कोर्टात टिकत नाही. आईनं नाव बदलायलाच पाहिजे असंही नाही. ७/१२, बँक आणि आधारवर जे नाव आहे तेच राहू दिलं, तर कागदांचे चार खेटे वाचतात.

गाव आणि घर

तारीख ठरली की भाऊबंदांना तुम्ही स्वतः जाऊन सांगा. आईला पाठवू नका. मुलगा दारात येऊन "आईचं लग्न आहे, या" म्हणाला की बोलणाऱ्यांचा जोर अर्ध्यावर येतो. चर्चा करायला बसूच नका, आमंत्रण देऊन उठा. समाजाची बैठक बोलावून वाळीत टाकण्याची भाषा कोणी केली, तर २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याखाली तो गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. एवढं कानावर घातलं की बैठका सहसा चहावर संपतात.

घरातल्या गोष्टी लहान असतात पण त्याच टोचतात. बाबांचा फोटो भिंतीवरच राहू द्या. पित्तरपाठात बाबांचं पान कोण टाकणार ते आधी ठरवा, बहुतेक ठिकाणी ते मुलाकडे जातं. नव्या माणसाला "बाबा" म्हणायची सक्ती कोणावर करू नका. "काका" किंवा "गुरुजी" पुरतं, आणि नातवंडं त्यांचं त्यांचं नाव शोधतात. आई दिग्रसला गेली तरी आर्णीकडच्या घरातली तिची खोली आणि घराच्या नमुना ८ वरचं तिचं नाव तसंच ठेवा. दिवाळीला ती माहेरवाशिणीसारखी येईल का घरधनीण म्हणून, हे तिलाच ठरवू द्या.

बाप लग्न करत असेल तर

गाव त्याला फार बोलत नाही. "भाकर कोण टाकीन" एवढ्यावर त्याचं लग्न माफ होतं. जे बोलणं व्हायचं ते त्या बाईला ऐकावं लागतं, आणि ते अनेकदा सुनेकडून.

शेताचा प्रश्न मात्र उलट असतो. बापाच्या स्वकष्टार्जित जमिनीत नवी बायको पोरांच्या बरोबरीची वारस होते. तिच्या आधीच्या लग्नाच्या मुलांना बापाच्या जमिनीत थेट काही मिळत नाही. पण बाप गेल्यावर तिला जो वाटा येतो, तो तिच्या मागे तिच्या पोटच्या मुलांकडे जातो. तिला मूलबाळच नसेल तर तो वाटा तुमच्या बापाच्या वारसांकडे, म्हणजे तुमच्याकडे परत येतो. त्यामुळे बापाच्या बाबतीत लग्नाआधी वडिलोपार्जित शेताची वाटणी आणि त्याच्या स्वतःच्या वाट्याचं मृत्युपत्र या दोन गोष्टी जास्त निकडीच्या आहेत. त्या मृत्युपत्रात त्या बाईच्या राहण्याची आणि खाण्याची सोय लिहिली आहे का, ते तुमच्या आईच्या बाबतीत पाहिलं असतं तितक्याच बारकाईनं पाहा.

वकिलाला द्यायला पैसे नसतील तर तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय विचारा. महिलांना तिथं वकील मोफत मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. आईला घेऊन जा, अर्ज तिच्या नावानं करा. सोबत नेण्यासाठी ७/१२, वडिलांचा मृत्यूचा दाखला, फेरफाराची नक्कल आणि आधार एवढे कागद एका पिशवीत काढून ठेवा.